वास आणि विस्तव

कोळशाशिवायची अगरबत्ती घरी वळतो म्हटलं की लोक आधी वासाचं विचारतात. चंदनाची करता का, मोगऱ्याची जमते का, तेल कुठून आणता. खरं तर वास ही त्यातली सोपी बाजू. काष्ठौषधीच्या दुकानातून जिन्नस आणा, कुटा, घाला, वास येतोच. अवघड काम दुसरंच आहे. एका टोकाला पेटवलेली काडी कुणी फुंकर न घालता पार खालपर्यंत धुमसत गेली पाहिजे. आणि गंमत अशी की ज्या ज्या जिनसानं वास वाढतो, त्यातला जवळजवळ प्रत्येक जिन्नस विस्तव विझवायला टपलेला असतो. घरगुती मसाला बत्तीची सगळी कारागिरी या दोघांचं भांडण मिटवण्यात आहे. आमच्या गोव्यात त्या भांडणात तिसरा येतो तो पावसाळा.

बाजारातल्या काळ्या बत्तीत हा तंटा कोळशानं आधीच मिटवलेला असतो. लाकडी कोळशाची पूड, थोडा भुसा, चिकटायला जिगट, एवढ्यावर यंत्रातून कोरी बत्ती निघते. तिला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. मग सुगंधी द्रव्य डीईपी नावाच्या बिनवासाच्या तेलकट रसायनात पातळ करून त्यात ती बुडवतात आणि सुकवतात. कोळशातला पाणी आणि वायूचा अंश भट्टीतच निघून गेलेला असतो, म्हणून तो एकदा धरला की सोडत नाही. त्याच्या जिवावर वाटेल तो वास चढवता येतो. कारखान्याच्या दृष्टीनं हे सोयीचं आहे, त्यात मी नाक मुरडणार नाही. पण आपण लाकूड, मुळ्या आणि चीक एवढ्यावरच बत्ती करायची ठरवली, तर ही सोय आपल्याला नाही.

मसाला बत्ती पेटवून जरा जवळून बघा. सगळ्यात वर राख, तिच्याखाली लाल निखारा, आणि निखाऱ्याच्या लगेच खाली दोन-तीन मिलिमीटरचा एक तपकिरी पट्टा दिसतो. सगळा खेळ त्या पट्ट्यात चालतो. निखाऱ्याची ऊब तिथं आधी पोचते. तिथला ओलावा उडतो, मग सुगंधी तेलं उडतात, मग लाकूड करपून कोळसा होतं आणि त्यानंतर ते पेट घेतं. म्हणजे कोळसा आपण घातलेला नसतो, बत्ती तो जळता जळता स्वतःच तयार करते. आपल्या नाकाला येणारा चांगला वासही निखाऱ्यातून येत नाही, तो त्या तपकिरी पट्ट्यातून येतो. पट्टा ओला असेल तर निखाऱ्याची सगळी ऊब पाणी उडवण्यात खर्च होते. त्यात ऊद किंवा राळ जास्त असेल तर ती वितळते आणि लाकडातली हवेची बारीक बारीक छिद्रं बुजवते. दोन्हींचा शेवट एकच.

हे कळलं की प्रमाणं पाठ करायची गरज राहत नाही. मसाल्यात तीन कामं करणारे तीन गट असतात: धरणारे, जळणारे आणि वास देणारे. धरणारी एकच, मैदालकडी. हाड मुरगळलं की लेप घालायला आपल्याकडे जी साल उगाळतात तीच ही. धंद्यातले लोक तिच्या पुडीला जिगट म्हणतात. सह्याद्रीतल्या गुळंबाच्या सालीची पूडही जिगट म्हणूनच विकली जाते. पाणी लागलं की ती बुळबुळीत होते, ताणली तर तार येते, आणि सुकली की लाकडासारखी टणक होते. मुख्य म्हणजे ती स्वतःही शांतपणे जळते. डिंक घालून बत्ती करू बघणाऱ्यांचं इथंच फसतं. डिंक चिकटतो झकास, पण निखाऱ्यापाशी फुगून काळा होतो आणि वाट अडवतो.

मैदालकडीत भेसळ फार. झाडाची साल सोलली की झाड बहुधा वाचत नाही, आणि घाटातली अशी झाडं या धंद्यापायी खूप कमी झाली आहेत. त्यामुळे पुडीत साधा भुसा मिसळणं ओघानंच आलं. पारख सोपी आहे. चमचाभर पूड थोड्या पाण्यात कालवून पाच मिनिटं ठेवायची आणि दोन बोटांत धरून ताणायची. चांगली असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखी तार निघते, भुसा असेल तर नुसता चिखल. नंतर तिची गोळी करून सुकवायची आणि फरशीवर टाकायची. टणकन वाजली तर ठीक, फुटली तर दुकान बदला.

जळणारा गट म्हणजे लाकडाची पूड. मी देवदार घेते, कारण त्याचा वास सौम्य असतो आणि तो दुसऱ्यांच्या वासात लुडबुड करत नाही. गिरणीवरचा फणसाचा भुसाही चालतो, फक्त तो निव्वळ फणसाचा असला पाहिजे. फर्निचरवाल्याकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नये. त्यात प्लायवुड असतं, प्लायवुडमध्ये डिंकाची रसायनं असतात, आणि ती देवापुढे जळायला लागली की डोळ्यांना लगेच समजतं. चंदनाचं न बोललेलंच बरं. सुट्या पुडीत चंदन म्हणून जे मिळतं, त्यातलं पुष्कळसं अत्तर लावलेला भुसा असतो. डबा उघडल्याबरोबर नाकात शिरणारं चंदन संशयास्पद समजावं. खरं चंदन थंड असताना अबोल असतं.

आता एक खेप मांडून दाखवते. सगळे जिन्नस कोरडे, मिळून १०० ग्रॅम. मैदालकडी ३५, देवदार ३५, नागरमोथा १०, कपूरकाचरी ८, ऊद ७, वाळा ५. वरून सुगंधी तेल घालायचं असेल तर ४ मिलिलिटरपर्यंत, त्याच्या वर नाही. पाणी साधारण ९० मिलिलिटर लागतं, पण ते मैदालकडीच्या मिजाशीवर असतं, म्हणून शेवटचं पाणी चमच्यानंच घालायचं. एवढ्यात आठ इंची नव्वदेक काड्या होतात. प्रत्येकीवर सुकल्यावर ग्रॅमभर मसाला, आणि धरायला खाली दीड-दोन इंच काडी मोकळी.

कुटण्यात वेळ जातो तो वाळ्याच्या मुळ्यांत. त्या मिक्सरच्या पात्याला गुंडाळतात आणि मोटर कण्हायला लागते. आधी कात्रीनं अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करायचे, कडक उन्हात तापवायचे आणि गरम असतानाच फिरवायचे. उदाचं नेमकं उलट. तो मिक्सरच्या उबेनं पातेल्याला चिकटून बसतो, म्हणून त्याला तासभर फ्रिजमध्ये ठेवून मूठभर देवदाराबरोबर खलात कुटायचा. मैदालकडी आणि ऊद वस्त्रगाळ हवेत. लाकूड मात्र मैद्याच्या चाळणीतून चाळलेलं पुरे. हौसेनं सगळंच वस्त्रगाळ केलं तर बत्ती दिसायला सुरेख होते, पण इतकी घट्ट बसते की आत हवा शिरायला जागाच उरत नाही.

तेल कशात मुरवायचं हा खरा प्रश्न. बहुतेक जण मळलेल्या गोळ्यावर तेल ओततात. तेव्हा त्याचे थेंब वेगळे राहतात, गोळा निसटता होतो आणि जिथं तेल साचलं तिथं काडीवरचा थर सुटतो. पाण्यात तर ते मिसळतच नाही. तेल आधी उदाच्या पुडीत जिरवायचं. ऊद हा झाडाचा चीकच, त्याचं आणि तेलाचं जमतं. पूड ओलसर वाळूसारखी झाली की त्यात थोडा नागरमोथा मिसळून काचेच्या बरणीत रात्रभर झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती बाकीच्या कोरड्या मसाल्यात घालायची आणि मगच पाणी. मैदालकडीला मात्र तेलाचा हात आधी लागू द्यायचा नाही. तिच्या कणांवर तेल बसलं तर पाणी आत शिरत नाही, आणि मग कितीही मळा, तार येत नाही.

वास टिकवण्याचं कामही मुख्यतः जड जिन्नसच करतात. वाळा, नागरमोथा, पाचीची पानं, चंदन, ऊद यांच्यातली द्रव्यं सावकाश उडणारी असतात. लिंबू, गवती चहा यांसारखी हलकी तेलं एकटी घातली तर सुकता सुकताच निम्मी उडून जातात. तीच वाळ्याच्या तेलात मिसळून उदात मुरवली तर थोडीफार थांबतात. थोडीफार एवढंच म्हणते. गवती चहाची अगरबत्ती महिन्यांनंतरही ताजी राहील असं कुणी सांगत असेल तर त्यात काय घातलंय ते विचारावं.

याच जागी फुलांचा विषय येतो. अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा तालुक्यात, राहून त्याला बगल देता येत नाही. मार्दोळला महालसेची जायांची पूजा होते, तेव्हा सगळ्या वाटेवर जायांचा घमघमाट असतो. त्यानंतर हमखास कुणीतरी निर्माल्याची पिशवी आणून देतं: ‘वाया घालवू नकोस, ह्याच्या बत्त्या कर गो.’ त्यांचा भाव मला समजतो. पण जाई सुकली की तिच्या पाकळीत आपल्याला हवं असलेलं जवळजवळ काहीच शिल्लक नसतं. ते सगळं ती फुललेली असतानाच हवेत देऊन टाकते. सुक्या जाईची पूड जळली तर पाला जळल्याचा वास येतो. मोगऱ्याचं तेच, शेवंतीचं तेच. मुळात, खोडात, सालीत आणि चिकात असतं ते आगीतून नाकापर्यंत पोचतं, पाकळीतलं वाटेतच संपतं. बाजारातल्या जाई-मोगऱ्याच्या बत्त्यांना फुलांचा वास देणारं मुख्य द्रव्य बहुधा कारखान्यात बनवलेलं बेन्झाइल ॲसिटेट असतं. जाईच्या खऱ्या फुलातही ते असतंच, त्यामुळे नकल बरी वठते. मी निर्माल्य नाकारत नाही, सुकवून जळणाऱ्या गटात देवदाराच्या जोडीला पाच-दहा ग्रॅम घालते. देणाऱ्याला बरं वाटतं आणि बत्तीचं काही बिघडत नाही. पण तिला जाईची बत्ती म्हणत नाही.

काड्यांबद्दल थोडक्यात. घरी बांबू फोडून काड्या काढता येतात, पण एकसारख्या जाडीच्या काढणं हे वेगळंच कसब आहे, आणि टोपल्या विणणाऱ्या हातांकडे ते आहे, माझ्याकडे नाही. मी वजनावर तयार काड्या आणते. पूर्वी त्या बऱ्याचशा व्हिएतनाम आणि चीनमधून येत. २०१९ मध्ये सरकारनं अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले, २०२० मध्ये बांबूच्या काड्यांवरचा आयात कर १० वरून २५ टक्क्यांवर नेला, आणि मग इथल्या काड्यांची विचारपूस सुरू झाली. काडी सव्वा-दीड मिलिमीटरच्या वर जाड नको. जाड काडी ऊब खाते आणि जळताना स्वतःचाच वास पुढे करते. गुळगुळीत काडीवर थर धरत नाही, म्हणून मी मूठभर काड्या गोणपाटात धरून रगडते. आणि काडी सुकी हवी. ओल्या काडीवर थर चढवला की आधी थर सुकतो, मग आतली काडी आक्रसते आणि मसाला नळीसारखा सुटा होऊन घसरतो. बांबू जाळू नये असं मानणारी घरं आमच्यात आहेत. त्यांना याच मसाल्याच्या बिनकाडीच्या धूपकांड्या करून देते, वाद घालत नाही.

मळलेला गोळा अर्धा-पाऊण तास ओल्या फडक्याखाली ठेवला की मैदालकडी पाणी पिऊन घेते. सुरुवातीला भुसभुशीत वाटलेला गोळा तेवढ्यात लवचीक होतो, म्हणून घाईनं आणखी पाणी घालायचं नाही. वळायला उलटा ठेवलेला पाट पुरतो. त्यावर देवदाराची कोरडी पूड भुरभुरायची. सुपारीएवढा गोळा काडीच्या वरच्या टोकाशी चिमटीनं लावायचा आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं काडी फिरवत फिरवत मसाला खाली उतरवत न्यायचा. बोटांनी वळली की काडीवर डोंगर-दऱ्या होतात. दाब वरच्या टोकाला जास्त असतो आणि खाली येता येता कमी होत जातो. शेवटी, जिथं मोकळी काडी सुरू होते, तिथं तर हात नुसता टेकलेला असतो. एकूण जाडी काडीसकट तीन मिलिमीटर, फार तर साडेतीन. नवशिक्या हाताला जाड बत्ती भरीव वाटते, आणि तीच मध्येच विझते. वळून झाली की कोरड्या पुडीत हलकेच लोळवायची म्हणजे एकमेकींना चिकटत नाहीत.

मग सुकवणं, आणि इथं गोवा आडवा येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी घराच्या पडवीत, सावलीत, सुपात पसरलेल्या बत्त्या तीन-चार दिवसांत सुकतात. रोज एकदा फिरवायच्या, नाही तर धनुष्य होतात. थेट उन्हात ठेवल्या तर वरची कात आधी कडक होते, आत ओल अडकते आणि लांबट भेगा पडतात. त्या भेगेशी आल्यावर निखारा कधी पळतो, कधी थर गळून पडतो. पण आमची मुख्य मागणी चवथीची, आणि चवथ येते भाद्रपदात. आषाढ-श्रावणात इथली हवा इतकी दमट असते की लाकडाची पूड सुकण्याऐवजी उलट ओलावा ओढते. पंखा लावला तरी तो ओली हवाच फिरवतो. चुलीवरच्या माळीवर ठेवल्या तर सुकतात खऱ्या, पण मग त्यांना धुराचा वास लागतो आणि वाळ्याचा पैसा वाया जातो.

सुकलं की नाही हे हाताला कळतं असं जुनी माणसं म्हणतात, पण पावसात हात फसवतो. मी दहा काड्यांची जुडी स्वयंपाकघरातल्या बारीक काट्यावर रोज एकाच वेळी ठेवते. वजन उतरायचं थांबलं की सुकल्या. पावसाळ्यात ते थांबतंच, पण वरच्या आकड्यावर थांबतं, म्हणजे हवेला जेवढी ओल मान्य आहे तेवढी बत्तीत राहते. हा आकडा हिवाळ्यातल्या आकड्याशी ताडून बघितला की ओल किती उरली ते दिसतं. म्हणून चवथीच्या बत्त्या शिमग्याच्या आधी वळून ठेवणं उत्तम. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, तळाशी कापडाच्या पुरचुंडीत मूठभर भाजलेले तांदूळ. बत्तीला मुरायला वेळही मिळतो. नव्या बत्तीत प्रत्येक जिनसाचा वास वेगळा काढता येतो, डब्यात मुरलेलीत तो काढता येत नाही.

शेजारच्या वहिनींनी मात्र गेल्या खेपेला श्रावणातच घाट घातला. चवथीला महिला मंडळाच्या टेबलावर ठेवायच्या होत्या. सुकल्यासारख्या वाटल्या, पेटवल्या, आणि इंचभर जळून विझू लागल्या. डबा घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

‘पहिला इंच वास असा येतो की काय सांगू. मग मरते मेली.’

एक पेटवून बघितली. पेटली लगेच, धूर दाट, वास खरोखर छान. आणि मग निखाऱ्याच्या जागी काळा, चकाकणारा थेंब दिसायला लागला. टोकाला डांबर लावल्यासारखं. राख पांढरी नव्हती, काळपट होती. विझलेलं टोक बोटानं दाबलं तर चिकटलं.

‘वहिनी, ऊद किती घातलात?’

‘वास कमी यायचा म्हणून वाढवला गो. आणि राळ घातली. मध पण, म्हैसूरवाले घालतात म्हणून.’

कागदावर मांडलं. शंभर ग्रॅममागे मैदालकडी ३०, देवदार आणि फणस मिळून २५, नागरमोथा १०, कपूरकाचरी १०, वाळा ५, ऊद १५, राळ ५. वर दोन चमचे मध आणि ८ मिलिलिटर तेल. वितळणारे जिन्नस २० आणि तेल वेगळं, तर नुसतं जळणारं लाकूड फक्त २५. मधाचं म्हणाल तर म्हैसूरकडच्या बत्त्यांत तो पडतो हे खरं आहे. तो आणि त्यांच्याकडचा हालमड्डीचा चीक दोन्ही हवेतली ओल धरतात, म्हणून त्या बत्त्या जरा मऊसर राहतात आणि सावकाश जळतात. म्हैसूरची हवा ते सोसते. आमच्याकडे श्रावणात मध घातलेली बत्ती म्हणजे पाणी प्यायला तोंड उघडून बसलेली वस्तू. माडाच्या गुळाचंही तेच.

दोष ओलीचा किती आणि मसाल्याचा किती, हे वेगळं करायला हवं होतं. दोन-चार बत्त्या रात्रभर टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर ठेवल्या. तो सदा कोमट असतो, घरातली पावसाळ्यातली सगळ्यात कोरडी जागा तीच. सकाळी त्या अर्ध्यापर्यंत जळल्या आणि मग तसाच काळा थेंब येऊन विझल्या. म्हणजे ओल हा दोष होता, पण एकटा नव्हता. ओलच कारण असती तर सुकवल्यावर तळापर्यंत गेल्या असत्या.

टाकून द्यायची गरज नव्हती. मैदालकडी पुन्हा भिजते, आधीइतकी नाही पण पुरेशी. काड्यांवरचा मसाला सुरीच्या पाठीनं झाडून कुटला आणि त्यात तेवढ्याच वजनाचा बिनवासाचा कोरडा मसाला मिसळला, ज्यात ३५ भाग ताजी मैदालकडी आणि ६५ भाग देवदार. हिशेब सरळ आहे. वितळणारं २० वरून १० वर आलं, तेल ८ वरून ४ वर, मध निम्मा झाला. लाकूड २५ चं ४५ झालं, आणि मैदालकडी साडेबत्तीस, म्हणजे मळायला पुरेशी. मुळ्या-गड्ड्यांचा भागही निम्मा झाला, पण वाळा आणि नागरमोथा थोडक्यातही ऐकू येतात. पुन्हा वळल्या, जरा बारीक, आणि शेवटचं सुकवणं झाकणाच्या मोठ्या डब्यात, तळाशी भाजलेल्या तांदळांचा थर आणि वर जाळी ठेवून. तांदूळ रोज बदलून भाजले.

नव्या बत्तीची राख करड्या-पांढऱ्या रंगाची आली आणि वाकून बराच वेळ टिकून राहिली. निखारा सगळीकडून सारखा लाल, थेंब नाही. सहा इंच मसाल्याला साधारण चाळीस मिनिटं लागली, हे ठीक आहे. पंचविसातच संपली असती तर लाकूड जास्त झालं किंवा वळताना सैल राहिली असं समजले असते. तासाभराच्या जवळ गेली असती तर अजून काही तरी जड आहे असं.

वहिनींची तक्रार उरलीच. ‘पहिल्यासारखा वास नाही ह्याला.’ पहिल्यासारखा नव्हताच. पहिला वास निम्मा कच्च्या धुराचा होता: ऊद जळत नव्हता, उकळत होता. बत्ती नाकाखाली धरून हुंगली तर तो भारी वाटतो, बंद खोलीत दहा मिनिटं बसलं तर घसा धरतो. कोळसा नाही म्हणजे धूर नाही, असा एक समज पसरलेला आहे आणि काही विकणारेही तसं सांगतात. लाकूड धुमसलं की बारीक कणांचा धूर होणारच. चांगल्या जमलेल्या बत्तीत तो कमी असतो, नसतो असं नाही. दमेकऱ्याच्या घरात मी माझीच बत्ती लावू नका म्हणून सांगते.

मंडळाच्या टेबलावर त्या विकल्या गेल्या. मध मात्र वहिनींनी सोडलेला नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी त्या थोड्या वेगळ्या वळतात, उदाला हात आखडता घेऊन पण मध घालून. तेव्हा हवा कोरडी असते आणि त्या जळतात तळापर्यंत.